मशीनखालची ओल : फाइव्ह एस अपघात कसे रोखतं

मशीन शॉपमधल्या कितीतरी दुखापती मशीन धातू कापत असताना होतच नाहीत. त्या होतात जॉब उचलून ट्रॉलीकडे नेताना, अडकलेल्या चिप्स ओढून काढताना, रॅकच्या वरच्या कप्प्यातून फिक्स्चर उतरवताना, नाहीतर घाईत पॅनलकडे जाताना. पाय घसरतो, बोट कापतं, डोळ्यात कण जातो, पायावर काहीतरी पडतं. यातल्या बहुतेक दुखापतींच्या आधी एक साधी गोष्ट घडलेली असते : माणसाचा हात किंवा पाय अशा जागी गेलेला असतो, जिथे जायची त्याला गरज पडायला नको होती. फाइव्ह एस पद्धत नीट वापरली तर ती नेमकी ही गरज कमी करते.

पद्धत जपानमधली. टोयोटासारख्या कारखान्यांतल्या कामातून ती घडत गेली आणि तिथून जगभर पसरली. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या तिच्या पाच पायऱ्या. म्हणजे नको ते बाजूला काढणं, हवं त्याला जागा देणं, साफ करणं, ठरलेली रीत लिहून काढणं आणि ती रीत टिकवणं. आपल्याकडे वाहन उद्योगाला माल देणाऱ्या बहुतेक कारखान्यांत ती पोहोचली आहे. पण अनेक ठिकाणी कस्टमरचं ऑडिट आलं की पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे आणि बोर्ड पुसायचे, एवढ्यावरच ती थांबते. अशा शॉपमध्ये जमीन चकचकीत दिसते आणि बोटं कापायची थांबत नाहीत. याचं कारण समजून घ्यायचं तर एकच जागा धरून पाचही पायऱ्या चालून पाहायला हव्यात.

भोसरी, चाकण किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पावलोपावली दिसणारं एक शॉप डोळ्यांसमोर आणू. पत्र्याची शेड, एका ओळीत चार सीएनसी लेथ, समोर एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि जुनी सेंटर लेथ, मधून गँगवे. भिंतीला इलेक्ट्रिक पॅनल, कोपऱ्यात फिक्स्चरचा रॅक. दोन शिफ्ट, दर शिफ्टला पाच-सहा माणसं. दुसऱ्या आणि तिसऱ्या लेथच्या मध्ये जमीन कायम ओली. त्यावर रोज सकाळी हेल्पर लाकडाचा भुसा टाकतो.

पहिला लाल टॅग बांधण्याआधी एक काम करायचं, जे फार थोड्या शॉपमध्ये होतं. शॉपचा साधा नकाशा मोठ्या कागदावर काढायचा आणि माणसांना जिथे जिथे लागलं, तिथे ठिपका द्यायचा. यासाठी अपघात नोंदवही पुरत नाही. कायद्यानुसार ज्या अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, त्याची सूचना सरकारला द्यावी लागते. छोट्या शॉपच्या नोंदवहीत साधारण तेवढेच अपघात सापडतात. बोटाला पट्टी बांधून पुन्हा मशीनवर उभा राहिलेला ऑपरेटर तिथे दिसत नाही. तो दिसतो प्रथमोपचार पेटीच्या वहीत, आणि तीही नीट भरली जात नसेल तर माणसांच्या बोलण्यात. चहाच्या वेळी नकाशा मधे ठेवून विचारलं, “गेल्या वर्षभरात कुठे घसरलात, कुठे थोडक्यात वाचलात?” की दहा मिनिटांत कागद भरतो. मात्र विचारणारा माणूस दंड करणारा नसला पाहिजे.

आपल्या शॉपच्या नकाशावर ठिपके तीन जागी दाटतील. दोन लेथमधली ओली जागा, ग्राइंडरच्या आसपासचा भाग, आणि फिक्स्चरच्या रॅकचं तोंड. उरलेल्या शॉपमध्ये तुरळक. आता सुरुवात कुठून करायची हे ठरलं. सगळं शॉप एका रविवारी साफ करण्यापेक्षा या तीन जागा हातात घेणं शहाणपणाचं, कारण प्रत्येक जागेच्या मुळाशी जायला वेळ लागतो.

नको ते बाजूला काढायची पायरी वरवर सोपी वाटते. प्रत्येक वस्तूजवळ उभं राहून विचारायचं : ही या जागी लागते का, किती वेळा लागते, आणि शेवटची कधी वापरली? उत्तर देता आलं नाही तर लाल टॅग. टॅगवर तारीख, टॅग लावणाऱ्याचं नाव आणि वस्तू का संशयात आहे याचा एक शब्द. टॅग लागलेल्या वस्तू आखून ठेवलेल्या एका कोपऱ्यात जातात आणि ठरलेल्या मुदतीत, समजा तीस दिवसांत, त्यांचा निकाल लागतो : परत जागेवर, स्टोअरमध्ये, दुसऱ्या शॉपला, किंवा भंगारात.

अपघाताच्या दृष्टीने मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ही वस्तू वापरली तर माणसाला लागेल का? हा प्रश्न विचारला की रोज वापरातल्या वस्तूंनाही टॅग लागू लागतात. ठोकून ठोकून डोकं पसरलेली छिन्नी रोज लागते, पण तिच्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं थिनर रोज लागतं, पण तहानलेला नवा हेल्पर ती बाटली तोंडाला लावू शकतो. किती वजन पेलायचं याचा टॅग गळून पडलेला वायर रोप स्लिंग, कडेचा टवका उडालेलं ग्राइंडिंग व्हील, सैल दांड्याची हातोडी, नटवरून निसटेल इतका झिजलेला पाना. या सगळ्यांची जागा टॅगच्या कोपऱ्यातही नाही. त्या त्याच दिवशी निकामी करून टाकायच्या, म्हणजे स्लिंग कापायचा आणि व्हील फोडायचं. नाहीतर तिसऱ्या दिवशी घाईच्या वेळी कुणीतरी त्या कोपऱ्यातून उचलून आणतो.

या पायरीत बिघडतं ते एकाच ठिकाणी. “लागेल कधीतरी” म्हणत वस्तू शॉपमधून निघते आणि शेडच्या मागे, जिन्याखाली किंवा पॅनलच्या पाठीमागे जाऊन बसते. शॉप मोकळं दिसतं, आणि आग लागली तर बाहेर पडायच्या वाटेत जुनी पॅलेट्स उभी असतात. त्यामुळे टॅगच्या यादीवर सही करून भंगारात काढायचा अधिकार असलेला माणूस पहिल्याच दिवशी नेमलेला असावा. सुपरवायझरला तो अधिकार नसतो, म्हणून वस्तू फक्त जागा बदलतात. दुसरी गोष्ट, ही काढाकाढी स्वतःच धोक्याची असते. वर्षानुवर्षं वरच्या कप्प्यात पडलेलं फिक्स्चर स्टुलावर उभं राहून ओढायचं नसतं. ते काम होइस्टने किंवा दोन माणसांनी, खाली कुणी नसताना करायचं.

जागा देण्याच्या पायरीत पाहणाऱ्याचं लक्ष शॅडो बोर्डवर जातं. रंगीत पाटी, त्यावर पान्यांच्या आकृत्या, प्रत्येक पाना आपल्या सावलीवर. ते उपयोगी आहे, पण अपघात कमी करायला त्याहून मोलाचं काम दुसरीकडे होतं. आपल्या शॉपमधली जुनी सेंटर लेथ घ्या. चकमध्ये जॉब आवळल्यावर चक की तशीच चकात राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती की फिरून गोळीसारखी फेकली जाते. लेथवरच्या सगळ्यात जुन्या अपघातांपैकी हा एक. “की काढायला विसरू नका” अशी पाटी लावून हा अपघात थांबत नाही, कारण विसरणारा माणूस पाटी वाचत नसतो. यावरचा इलाज असा : हेडस्टॉकवर की ठेवायला एक खोबण करायची आणि त्या खोबणीत लिमिट स्विच बसवायचा. की तिथे नसेल तर स्पिंडलचं सर्किट पूर्ण होत नाही आणि मशीन सुरू होत नाही. इथे वस्तूची जागा ठरवणं आणि माणूस वाचवणं ही दोन वेगळी कामं उरतच नाहीत. स्विचचा खर्च किरकोळ असतो. अट एकच, हा स्विच कुणी कागदाचा बोळा कोंबून दाबून ठेवला नाही ना, हे दर आठवड्याला कीशिवाय मशीन सुरू करायचा प्रयत्न करून पाहायचं.

रॅकचा ठिपका अशाच तपशिलाने सुटतो. प्रत्येक फिक्स्चर काट्यावर ठेवून वजन त्यावर रंगाने लिहायचं. जड ते कंबरेच्या उंचीला, हलकं वर आणि खाली. फार जड, म्हणजे हाताने उचलूच नये असं, ते होइस्ट पोहोचेल अशा स्टँडवर. कंबरेची उंची यासाठी, की जमिनीपासून किंवा खांद्याच्या वरून ओझं घेताना पाठीवर आणि खांद्यावर सगळ्यात जास्त ताण येतो आणि हात सुटला तर ते पायावर पडतं. रॅकच्या प्रत्येक कप्प्यावर तो किती वजन पेलतो हेही लिहायचं. हा आकडा रॅक बनवणाऱ्याकडून घ्यायचा, अंदाजाने नाही.

गँगवेचे पट्टे शेवटी आखायचे. आधी एका शिफ्टभर टेप घेऊन पाहायचं : ट्रॉली वळताना किती जागा घेते, लेथचं दार उघडल्यावर ऑपरेटर मागे कुठवर सरकतो, चिप्सचा बिन कुठून ओढला जातो. पॅनलसमोर निदान एक मीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण शॉक लागलेल्या माणसासाठी मेन बंद करायला धावणाऱ्याला ट्रॉली बाजूला सारत बसायला वेळ नसतो. अग्निशामक नळकांड्यासमोरही तेच. हे पाहून पट्टे आखले तर ते माणसांच्या हालचालीशी जुळतात. उलट केलं, म्हणजे नकाशावर सरळ रेषा काढून जमीन रंगवली, तर आठवड्याभरात पट्ट्यावर बिन उभा दिसतो. बिन उभा करणाऱ्याला ओरडण्याआधी त्याला दुसरी जागा दिली आहे का, हे पाहायचं.

आता साफसफाई, आणि इथेच या पद्धतीचा कस लागतो. दोन लेथमधली ओल रोज भुसा टाकून टिपली जाते. भुसा काय करतो? कूलंट शोषतो आणि गळती झाकतो. कूलंट म्हणजे पाण्यात थोडं तेल मिसळलेलं पांढरट द्रावण. जमिनीवर पडल्यावर त्यातलं पाणी उडून जातं आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. जमीन कोरडी दिसते, पण बुटाचा तळ त्या थरावरून सरकतो. वर तेलात भिजलेला भुसा शेडमध्ये साठवला तर ग्राइंडरच्या एका ठिणगीला तो पुरेसा असतो. म्हणून इथे साफ करण्याचा अर्थ पुसणं एवढाच नाही. पुसणं ही ओल कुठून येते हे शोधायची पहिली कृती आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३२ जमिनी आणि ये-जा करायच्या वाटा अडथळ्यांपासून आणि घसरायला लावणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवायला सांगत असे. पुसून त्या तासाभरासाठी मोकळ्या होतात. उगम बंद केला तरच मोकळ्या राहतात.

शोध असा घ्यायचा. शिफ्ट संपल्यावर दोन्ही मशीन बंद करून, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं. भुसा पूर्ण उचलायचा. जमीन आणि मशीनचे बाहेरचे पत्रे तेल सोडवणाऱ्या क्लीनरने धुऊन कोरडे करायचे. मग मशीनच्या खाली आणि दोन मशीनच्या मधल्या सापटीत, जिथे कुणी चालत नाही तिथे, कोरडा पुठ्ठा पसरायचा. चालण्याच्या वाटेवर पुठ्ठा टाकू नये, तो स्वतः घसरतो. दुसऱ्या दिवशी नेहमीचं उत्पादन सुरू झालं की दर अर्ध्या तासाने पुठ्ठा पाहायचा आणि पहिला डाग कुठे पडतो ते खडूने टिपायचं. पहिला डाग महत्त्वाचा. दोन तासांनी सगळंच ओलं झाल्यावर उगम कळत नाही.

आपल्या शॉपमध्ये तीन उगम सापडतील असं धरू, कारण साधारण असेच सापडतात. पहिला, लेथच्या सरकत्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात कापलं गेलं आहे आणि चक फिरताना उडणारं कूलंट तिथून झिरपतं. दुसरा, चिप्सच्या ट्रेमधून टाकीत परत जाणारी जाळी चिप्सनी बुजते, ट्रे भरतो आणि कडेवरून सांडतो. हा डाग सकाळी नसतो, चार तासांनी येतो, म्हणून पुठ्ठ्याजवळ वेळ लिहायची. तिसऱ्या उगमाचा मशीनशी काही संबंधच नाही. तयार जॉब ओला बाहेर निघतो, ऑपरेटर तो हातात घेऊन दीड-दोन मीटरवरच्या ट्रॉलीत ठेवतो, आणि वाटेत थेंब पडत जातात. शिफ्टमध्ये शेकडो जॉब होत असतील तर शेकडो वेळा थेंब पडतात, आणि ते नेमके पावलं पडतात तिथेच.

इलाज तीन आणि तिन्ही वेगळे. रबर बदलणं हे मेंटेनन्सचं काम, तासाभराचं. जाळीसाठी दर दोन तासांनी ती साफ करायची पाळी लावता येते, पण आधी विचारायचं की चिप्स इतक्या लांब आणि गुंतलेल्या का निघतात. इन्सर्टचा चिपब्रेकर त्या मटेरियलला आणि फीडला जुळत नसेल तर चिप तुटत नाही, दोरीसारखी लांब येते, जाळी बुजवते आणि ती हाताने ओढताना बोटंही कापते. इन्सर्टचा चिपब्रेकर आणि फीड बदलून चिप तुटायला लागली की ओल आणि कापलेली बोटं दोन्ही कमी होतात. ठिपक्यांच्या नकाशावर वेगळ्या कारणांचे वाटणारे ठिपके इथे एकाच कारणाचे निघाले. तिसऱ्या उगमासाठी ट्रॉली दाराशी आणायची, तिच्या खाली निथळायचा ट्रे लावायचा, आणि जॉब दाराच्या आतच दोन-चार सेकंद निथळू द्यायचा.

साफ करतानाच लागतं, हेही इथे सांगायला हवं. चिप्स हाताने काढायच्या नाहीत. मुठीसमोर आडवी पत्ती असलेला हुक वापरायचा, म्हणजे चिप मागे उसळली तरी मुठीवर येत नाही. हातमोजे घालायचे ते स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, सुरू असताना कधीच नाही, कारण फिरत्या चकमध्ये मोजा अडकला की तो हात सोडत नाही. आणि एअर गनने चिप्स उडवायच्या नाहीत. बारीक कण उडून शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या डोळ्यात जातात आणि काही मशीनच्या स्लाइडमध्ये घुसतात. ब्रश, खुरपणी आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम. कपड्यांवरचे कण एअर गनने उडवण्याची सवय तर पूर्णच बंद करायची. दाबाची हवा त्वचेतून आत शिरली तर जिवावर बेतू शकतं.

एवढं झालं की ती रीत लिहून काढायची. ओल्या जागेसाठी एक पान पुरतं, आणि ते मशीनवरच लावायचं. वर जमिनीचा, ट्रेचा आणि जाळीचा फोटो, चांगल्या अवस्थेतला. खाली कोण, कधी, कशाने. पण सगळ्यात उपयोगी भाग तिसरा असतो : बिघाड कसा ओळखायचा आणि मग काय करायचं. “परिसर स्वच्छ ठेवा” असं लिहिलं तर प्रत्येकजण आपापल्या परीने स्वच्छ समजतो. त्याऐवजी निथळायच्या ट्रेच्या आत दोन बोटांवर लाल रेघ मारायची आणि लिहायचं : कूलंट रेघेच्या वर दिसलं तर ट्रे रिकामा करा आणि मेंटेनन्सच्या वहीत वेळ लिहा. आता नवीन आलेल्या कंत्राटी कामगारालाही ते कळतं, तो बिहारचा असो की बीडचा. फोटो आणि रेघ कुठल्याही भाषेत वाचता येते.

या पायरीवर एक गोष्ट व्यवस्थापनाला टाळता येत नाही. साफसफाईला वेळ लागतो आणि तो वेळ उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा झाला पाहिजे. पानावर “शिफ्ट संपताना दहा मिनिटं साफसफाई” लिहिलं आणि टार्गेट मात्र पूर्ण शिफ्टचं ठेवलं, तर ऑपरेटर जॉब चालू असतानाच दार उघडून ब्रश फिरवतो. काहीजण तर दाराचा इंटरलॉक त्यासाठी बायपास करतात. म्हणजे अपघात कमी करायला आणलेल्या पद्धतीनेच हात फिरत्या चकजवळ नेला. एखाद्या शॉपचं फाइव्ह एस खरं आहे की नाही हे मला कळतं ते शिफ्ट संपताना स्पिंडल थांबलेले दिसतात का यावरून. बोर्ड आणि पट्टे नंतर पाहिले तरी चालतात.

टिकवण्याच्या पायरीवर बहुतेक शॉप थकतात, कारण तिथे मोजायला काय आहे हे ठरलेलं नसतं. अपघातांची संख्या मोजून उपयोग होत नाही. दहा-बारा माणसांच्या शॉपमध्ये महिन्याला मोठा अपघात शून्य, कधी एक. शून्य आलं म्हणजे सुधारणा झाली, असं त्यावरून म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये यावर चांगलं काम झालं आहे. सारी आणि नॅसॅनेन या संशोधकांनी १९८९ मध्ये एका जहाजबांधणी कारखान्यातला दीर्घकाळचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे कोणत्या गोष्टी नीट असल्या पाहिजेत हे आधी ठरवलं, नियमितपणे फेरी मारून प्रत्येक गोष्ट नीट आहे की नाही एवढंच टिपलं आणि आलेली टक्केवारी कामगारांना दिसेल अशी भिंतीवर लावली. जागा नीटनेटकी राहू लागली आणि अपघातही घटले. बक्षीस किंवा दंड यांपेक्षा स्वतःच्या कामाचा आकडा नियमित दिसणं, हा त्या पद्धतीचा गाभा होता.

आपल्या शॉपमध्ये ते असं करता येईल. प्रत्येक मशीनजवळ पाहायच्या आठ गोष्टी ठरवायच्या : गँगवे मोकळा, जमीन कोरडी, ट्रे रेघेखाली, हुक जागेवर, दाराचं रबर शाबूत, एअर गन मशीनजवळ पडलेली नाही, जॉबची रचाई ठरलेल्या उंचीत, पॅनलसमोर मीटरभर जागा मोकळी. पाच जागा पाहिल्या तर ४० नोंदी होतात. पहिल्या फेरीत २६ बरोबर निघाल्या, म्हणजे ६५ टक्के. काही आठवड्यांनी ३४ आल्या तर ८५ टक्के. आकडा ‘थोडं चांगलं’, ‘बरं’ अशा गुणांतून येत नाही, फक्त हो किंवा नाही यातून येतो, म्हणून पाहणारा बदलला तरी तो फारसा हलत नाही. फेरीची वेळ मात्र आधी सांगायची नाही, आणि निम्म्या फेऱ्या दुसऱ्या शिफ्टमध्ये, मधल्या तासाला घ्यायच्या. शिफ्ट सुरू होताना सगळीच शॉप स्वच्छ असतात.

आकडा खोटा होऊ लागला हे ओळखायची एक खूण आहे. टक्केवारी ९५ च्या वर चिकटून बसते आणि त्याच काळात “थोडक्यात वाचलो” अशा नोंदी शून्यावर येतात. खऱ्या सुधारणेत सुरुवातीला अशा नोंदी वाढतात, कारण माणसं बोलायला लागतात. दोन्ही गोष्टी एकदम थांबल्या तर टक्केवारीला इन्क्रिमेंट किंवा बक्षीस जोडलं आहे का ते तपासावं. ओलीसाठी आणखी एक मोजमाप हाताशी असतं, ज्यात कुणाला खोटं लिहायचं कारण नसतं : त्या लेथच्या टाकीत आठवड्याला किती लिटर कूलंट भरावं लागतं. काही पाणी वाफ होऊन उडतंच, म्हणून एका मशीनची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. पण त्याच मशीनची भरती रबर बदलल्यावर कमी झाली आणि चार महिन्यांनी पुन्हा वाढली, तर कुठेतरी गळती परत सुरू झाली आहे.

या पद्धतीला काय जमत नाही तेही स्पष्ट ठेवलं पाहिजे. पॉवर प्रेसच्या डायमध्ये हात जात असेल तर त्याला गार्ड, दोन हातांचं बटण किंवा लाइट कर्टन लागतो. कितीही नीट आखलेला पट्टा त्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्या बेंच ग्राइंडरच्या आसपासचे ठिपके पुन्हा पाहा. व्हील आणि टूल रेस्टमधली फट झिजून वाढली असेल तर जॉब त्यात खेचला जातो आणि बोटही. तिथे झाडलोट करून काही होत नाही. फट तीन मिलिमीटरच्या आत आणावी लागते आणि डोळ्यांसमोरची काच बसवावी लागते. फाइव्ह एसच्या पानावर त्याची तपासणी येऊ शकते, उपाय मात्र मशीनवरच करावा लागतो.

एकदा लिहिलेलं पान कायमचं नसतं. नवीन जॉब आला, मटेरियल बदललं, की चिप बदलते आणि जाळी पुन्हा बुजू लागते. नवीन मशीन बसलं की ट्रॉलीची वाट बदलते आणि जुना पट्टा चुकीचा ठरतो. आपल्याकडे दर जूनमध्ये हे ठरलेलंच असतं. पत्र्याच्या सांध्यांतून पाणी ठिबकतं, शटरजवळून येणारे बूट ओले असतात, आणि कूलंटच्या तेलकट थरावर ते पाणी पडलं की जमीन एरवीपेक्षा जास्त घसरते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस पत्र्याचे सांधे तपासणं, शटरच्या आत पाणी टिपणारी मॅट टाकणं आणि फेरीच्या यादीत शटरची जागा सहावी म्हणून जोडणं, एवढं पानावर आधीच लिहून ठेवायचं. तिथल्याही आठ गोष्टी ठरवल्या की यादीत ४० ऐवजी ४८ नोंदी होतात, पहिल्या आठवड्यात टक्केवारी खाली येते, आणि ती का खाली आली हे बोर्डावर तिच्या शेजारीच लिहायचं.